चहा संपेपर्यंतचं न्यूजलेटर

जालन्यातल्या छोट्या कारखान्यांना मी एचआरचा सल्ला देते. माझे भागीदार, आमचे सर, गेल्या वर्षी वारले. नोकरी-धंद्याच्या ऑनलाइन नेटवर्कवर न्यूजलेटर काढायचं त्यांच्याच डोक्यात होतं. आता मी एकटी ठरवायला बसले, तर प्रत्येक ठिकाणी तेच आडवे आले.

सगळ्याच एचआरवर लिहिणार होते. आठवलं, "मॅडम, सगळ्यांसाठी लिहिलेलं कुणीच वाचत न्हाई." मग एकच विषय धरला: माणूस नोकरी का सोडतो. दर आठवड्याला काढलं असतं, पण पगाराच्या आठवड्यात आपल्याला मान वर करता येत नाही, हे तेच सांगायचे. म्हणून महिन्यातून एकदा. आणि लांबी? "चहा संपेपर्यंत वाचून झालं पाहिजे." चिडून अर्धा मजकूर कापला.

पहिला अंक टाकला, की नेटवर्क आपल्या सगळ्या ओळखीच्यांना सबस्क्राइब करायचं आपोआप सुचवतं. दुसऱ्या दिवशी सबस्क्राइबरांमध्ये सरांचा फोटो हसत होता. धीर करून सरांच्या घरी, वहिनींना फोन लावला.

"यांचा मोबाइल मी चालूच ठेवलाय," त्या म्हणाल्या. "सवयीनं दोन कप चहा केल्ता. माझा संपेपर्यंत वाचून झालं. यांचा तसाच राह्यला."