शेतवार वाटणी

राजेश्वर गावच्या पिराजींची लेक मैत्रेयी कलबुर्गीच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात शिकवायची आणि तिथंच पीएचडी करायची. आळंद भागातल्या बावीस शेतांत फिरून तिनं तुरीच्या रोगांचे चार हजार फोटो काढले होते. एकेका झाडाचे दहा-दहा.

त्या फोटोंवरून रोग ओळखणाऱ्या संगणकाच्या मॉडेलवर तिचे गाइड शिवशंकरप्पा यांनी पेपर लिहिला. पाठवण्याआधी एकदा वाच म्हणून तिच्याकडे दिला. अचूकता अठ्ठ्याण्णव टक्के. लेखकांत तिचं नाव दुसरं.

तिसऱ्या पानावर ती थांबली. मॉडेलला शिकवायचे आणि त्याची परीक्षा घ्यायचे फोटो सरसकट मिसळून वेगळे केले होते. म्हणजे एकाच झाडाचे सात फोटो शिकवणीत, तीन परीक्षेत. मॉडेलनं रोग ओळखला की झाड, कोण सांगणार? पुढं पाहिलं तर तुलनेचं जुनं मॉडेल पाचच फेऱ्या शिकवलेलं, नवं शंभर. नवं पाच वेळा चालवून सगळ्यांत चांगला आकडा छापलेला. तुरीला शेंगाच धरू न देणारा वांझ रोग तर तक्त्यात नव्हताच. पहिल्या मसुद्यात त्याचा आकडा फार खाली पडलेला होता, ते तिला आठवत होतं.

राग यायला हवा होता. आला नाही. तिनं शेतवार वाटणी केली: सोळा शेतं शिकवायला, सहा परीक्षेला. दोन्ही मॉडेलं सारखीच शिकवली, पाच-पाच वेळा चालवली आणि सरासरी काढली. वांझ धरून नवं एकाहत्तर, जुनं सत्तर.

कागद घेऊन ती सरांच्या केबिनमध्ये गेली.

सरांनी बराच वेळ पाहिलं. "हे कामून उकरायलीस?"

"सर, परीक्षेतली झाडं त्यानं आधीच बघितलेली हैत."

"सगळेजण फोटो असंच वाटतेत. पेपर छापला की तुझी पीएचडी सुटती."

"ह्याचं ॲप करून आळंदच्या शेतकऱ्यांना दिलं तर नव्या शेतात चालायचं न्हाई."

"मग काय करू म्हणतीस?"

"एकाहत्तर लिहा."

"एकाहत्तरला कोण छापतंय?" त्यांनी कागद परत सरकवला. आवाज चढला नव्हता. "पेपरातनं तुझं नाव काढायचं असंल तर काढ."

तिनं काढलं. ईमेल दोन ओळींचा होता. पाठवून ती वर्गावर गेली आणि शिकवलंही नेहमीसारखंच.

चार महिन्यांनी पेपर छापून आला, अठ्ठ्याण्णव टक्क्यांसकट. कॉलेजच्या फाटकावर बॅनर लागला. रोज त्याखालून जाताना तिला काहीच वाटायचं नाही, याचंच तिला अधूनमधून नवल वाटायचं.

पिराजींनी फोनवर विचारलं, "फोटू तुझे, अन् नाव कामून न्हाई?"

"मीच काढलं, अप्पा."

"भांडलीस व्हय?"

"न्हाई."

"बरं," ते म्हणाले, आणि जेवलीस का विचारलं.

पीएचडी दोन वर्षं लांबली. गाइड बदलावा लागला. प्रबंधात तिनं एकाहत्तर आणि सत्तर शेजारी-शेजारी लिहिले, वांझ रोगाचा पडलेला आकडाही घातला. तोंडी परीक्षेत बाहेरच्या परीक्षकानं ते पान दोनदा वाचलं, मान हलवली आणि पुढचं पान उलटलं.