टोपीखालचं घड्याळ

माझ्या वडिलांनी, अण्णांनी, मला पोहायला शिकवलं ते पाठीला पत्र्याचा डबा बांधून. मी पाण्यात भोकाड पसरलं, तर हे काठावरून म्हणाले, "रड खुशाल, पण पाय हलव." प्रेम करायची त्यांची तीच पद्धत होती.

आता अण्णा नाहीत. धरणाच्या बॅकवॉटरला मात्र मी अजून जाते, आणि पाण्यात उतरताना दरवेळी त्यांची आठवण येते. त्यातही ते घड्याळाचं प्रकरण आठवलं की आधी हसू येतं, मग स्वतःचीच लाज वाटते.

त्या वर्षी त्यांच्या डोळ्यांचं ऑपरेशन झालं होतं. वय पंचाहत्तर. एकदा नाशिक रोडहून घरी येताना रस्ता चुकून भलतीकडेच गेले होते. तेव्हापासून माझ्या मनात भीती घर करून होती. तरी आठवड्यातून तीनदा ते पोहायला जायचेच. त्यांचे दोन मित्र काठावर गप्पा मारत बसायचे आणि हे समोरच्या बाभळीपर्यंत जाऊन यायचे. मला ऑफिस असायचं. म्हणून मी माझं जीपीएसवालं घड्याळ त्यांच्या मनगटावर बांधलं. म्हटलं, निदान कुठे जातात ते तरी कळेल.

संध्याकाळी मोबाईलवर त्यांचा मार्ग पाहिला. सरळ रेघ कुठेच नव्हती. डावीकडे, उजवीकडे, मागे, एके ठिकाणी तर थेट पलीकडच्या डांबरी रस्त्यावर! एवढ्याशा अंतराचे दोन किलोमीटर झाले होते. पुढच्या दोन खेपांनाही तेच. मी ठरवूनच टाकलं की अण्णांना दिशा कळेनाशी झाली आहे.

"उद्यापासून पोहणं बंद," मी म्हणाले, आणि नकाशा त्यांच्यापुढे धरला.

"मी बाभळीवर नजर ठेवूनच जातो गं," ते एवढंच म्हणाले. मी माझा हेका सोडला नाही. त्यांनी टॉवेल घडी करून कपाटात ठेवला. त्या आठवड्यात ते माझ्याशी कामापुरतंच बोलले.

रविवारी मी आमच्या पोहण्याच्या ग्रुपमधल्या दिंडोरीच्या एका द्राक्षबागायतदारांना तो नकाशा दाखवला. त्यांना या घड्याळांचं भारी वेड. त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "ताई, अण्णा पोहतात कसे?"

"बेडकासारखे. डोकं कायम वर, हात पाण्याखाली."

ते मोठ्याने हसले. "मग अण्णांचा काय दोष? सॅटेलाइटचा सिग्नल पाण्यात शिरत नाय. आपण फ्रीस्टाइल मारतो, दर हाताला मनगट बाहेर येतं, तेवढ्यात घड्याळ जागा पकडतं. तरी रेघ थोडी वाकडी येतेच. अण्णांचं मनगट वर येतच नाय. घड्याळ अंदाजानं ठिपके टाकतं, अन् त्या ठिपक्यांची रेघ लय वेडीवाकडी दिसते. घड्याळ टोपीखाली घाला, डोक्याच्या मागच्या बाजूला. हातांचे स्ट्रोक अन् नाडी नाय मोजता येणार, पण रस्ता बरोबर येईल."

मला शरमेनं कुठे तोंड लपवू असं झालं. घरी येऊन मी स्वतःच तो टॉवेल कपाटातून काढला.

दुसऱ्या दिवशी रजा टाकून त्यांच्याबरोबर गेले. आयुष्यात कधी टोपी न घातलेल्या त्या डोक्यावर माझी गुलाबी रबरी टोपी चढवताना आम्हा दोघांची झटापट झाली. मागे घड्याळाचं टेंगूळ. काठावरचे मित्र म्हणाले, "नवरदेव, मुंडावळ्या राहिल्या!" घड्याळाला सॅटेलाइट सापडेपर्यंत आम्ही उघड्यावर उभे राहिलो, मग उतरलो. काही कमीजास्त झालं तर हाताशी असावं, म्हणून मी त्यांच्या मागोमाग पोहत होते.

बाहेर आल्यावर त्यांनी आधी मोबाईल मागितला. रेघ पट्टीनं आखल्यासारखी बाभळीपर्यंत गेली होती आणि तशीच परत आली होती. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. "अण्णा, चुकलं माझं," मी म्हणाले. त्यांनी ओल्या हाताने माझ्या डोक्यावर टपली मारली.

फक्त जातानाच्या रेघेत मध्यावर एक छोटासा वळसा होता. रेघ थोडी मागे येऊन पुन्हा पुढे गेली होती. मनगटावरच्या त्या गिचमिडीत तो कधीच दिसला नसता.

"इथे काय झालं?" मी विचारलं.

"तुझ्या हातांचा आवाज येईना," टोपी ओढून काढत ते म्हणाले. "मागे वळलो. तुझं डोकं दिसलं, मग निघालो पुढे."

मी तेव्हा फक्त पोहायच्या चष्म्यातलं पाणी काढायला थांबले होते. परवा मीही घड्याळ टोपीखाली घालून बाभळीपर्यंत गेले आणि मध्यावर तशीच थांबले. घरी येऊन रेघ पाहिली. ती अगदी सरळ आली होती.