शेळी कापली तो संवाद

बोलपटाचे संवाद लिहायला मला बसवलं, तेव्हा दिग्दर्शकानं एकच घोषा लावला होता: कमी करा, हे नाटक नव्हे, इथं फिल्म महाग आहे. त्यात तो खोटा नव्हता. पोरगा गाव सोडून निघतो त्या प्रसंगात मी त्याच्या आईला पानभर बोलायला लावलं होतं. नवी पेठेत दिग्दर्शक उतरला होता, त्या खोलीवर बसून मी ते छाटत गेलो आणि शेवटी एवढंच ठेवलं: ‘शेळी आज-उद्या व्यायची हाय. तुज्याबिगर ती कुणाला जवळ येऊ देत न्हाय.’ पोरगा नुसता ‘व्हय’ म्हणतो आणि गाठोडं उचलतो.

“अजून लांब आहे,” दिग्दर्शक म्हणाला. “आणि शेळी कशाला मध्ये? तिच्या मनात आहे ते बोलू दे.” त्यानं माझ्यादेखत लिहिलं, ‘बाळ, जाऊ नकोस.’

मी परोपरीनं सांगितलं, आमच्याकडं निघालेल्या माणसाला उंबऱ्यात कुणी अडवत नाही, अपशकुन होतो. म्हणून तर ती शेळीचं बोलते. तो हसला. हसायला त्याचं काय जात होतं!

बोलपट सोलापुरात लागला, तेव्हा मी आईला घेऊन गेलो. सुरुवातीलाच पडद्यावर माझं नाव आलं, ते तिला कौतुकानं दाखवलं. पुढं पडद्यावरची आई बंगल्यातल्या बाईच्या सुरात म्हणाली, “बाळ, जाऊ नकोस.”

आई चपापली. “निघालेल्या पोराला आसं आडवती व्हय कुनी?” मग माझ्याकडं वळून तिनं विचारलं, “आन् ह्ये तू लिवलंस?”