क्लचप्लेटचा दर

मलकापुरात मी दुकानदारांचे जीएसटीचे कागद करते. हायवेला माझ्या मोठ्या भावाचं ट्रक दुरुस्तीचं गॅरेज होतं, आणि दादाइतकं डोकं खाणारं गिऱ्हाईक मला दुसरं मिळालं नाही. दर महिन्याला बिलं घेऊन यायचा, ग्रीसचे हात माझ्याच टॉवेलला पुसायचा, की आमचं भांडण सुरू.

भांडण एकाच गोष्टीचं. मजुरीवर अठरा टक्के, ट्रकच्या सुट्या भागांवर तेव्हा अठ्ठावीस. दादा मात्र बिलावर एकच ओळ लिहायचा, 'गाडी चालू करून दिली', आणि सगळ्याला अठरा लावून मोकळा.

"क्लचप्लेट गाडीत बसली. आता काय बाहेर काढून दाखवू?" असं वर मलाच विचारायचा.

एकदा त्याचा सगळ्यात मोठा ट्रकवाला अडून बसला. त्याला कराची वजावट मिळत नव्हती, सगळा भार त्याच्याच खिशावर. एका ओळीत अठरा टक्क्यांचं बिल दे, नाहीतर गाड्या दुसरीकडे नेतो, म्हणाला. दादा माझ्याकडे आला तेव्हा त्याचं तोंड एवढंसं झालं होतं.

"बाई, या खेपेले जाऊ दे ना. त्याच्या गाड्यांवरच गॅरेज चालून राह्यलं."

"कामाच्या आधी क्लचप्लेटचा भाव वेगळा, मजुरी वेगळी, असं तूच त्याले लिहून दिलं ना? किमती वेगळ्या ठरल्या की दरही ज्याचा त्याले. उद्या तपासणी आली तर फरक व्याजासकट तुह्याच गळ्यात."

"सख्खी बहीण कायची, इन्स्पेक्टर आहेस तू!"

पण बिल माझ्यासमोर बसून लिहिलं. सामान एका ओळीत, मजुरी दुसरीत. ट्रकवाला गेला तो गेलाच. गॅरेजसमोरची जागा कितीतरी दिवस मोकळी दिसायची, आणि तरी दादा त्यावरून मला एका शब्दानं बोलला नाही. महिना भरला की दारातूनच ओरडायचा, "काऊन बाई, उतरला का दर?"

मी म्हणायची, नाही.

मग एका उन्हाळ्यात तो छातीत दुखतं म्हणून झोपला तो उठलाच नाही. त्यानंतर आलेल्या घटस्थापनेला नवे दर लागू झाले. ट्रकचे सुटे भाग अठ्ठावीसवरून अठरावर. सामान अठरा, मजुरीही अठरा. वाचलं आणि आनंदानं हात आपसूक फोनकडे गेला. दादाचा नंबर लागल्यावर भानावर आले. अरे देवा, कोणाला सांगायला निघाले मी?

फोन वहिनीनं उचलला. "बोला, ताई."

"दर उतरला हो, वहिनी."

ती म्हणाली, "मंग आता तुमच्याशी भांडाले कोणी येनार नाही."

त्याच्या ग्रीसच्या डागांचा टॉवेल अजून माझ्या टेबलाशेजारी तसाच टांगलाय. धुवायला टाकवत नाही.