जॉबरकी सोडायचा अर्ज

बोरगावजवळच्या सूतगिरणीत मी हेड जॉबर होतो. ऐंशीच्या पुढची सालं होती, गिरणी नवीच होती आणि मी नागपूरच्या मिलमधून काम शिकून आलेला. शाळा माझी चौथीपर्यंत, तीही पूर्ण नाही. पण रिंग खात्यातली, म्हणजे सूत कातायच्या साच्यांवरची, सगळी पाळी माझ्या शब्दावर चालायची. फाटकाशी बदली कामगार उभे राहत. खाडे किती पडले ते पाहून मी बोट दाखवायचो, आणि ज्याच्याकडे बोट जाईल तो आत. सौसरला आमच्या वस्तीत असा हुद्दा कोणाला भेटला नव्हता. विहारात पोरं उठून मला जागा देत. मी नको म्हणत नसे. का म्हणावं? मेहनतीनं कमावलं होतं.

हा हुद्दा मी माझ्या हातानं सोडला. लोक अजून म्हणतात की साहेबानं काढलं. त्यांच्यासाठी हे लिहून राहिलो.

झालं असं, की पोळ्याच्या सुमारास बायकोला लकवा मारला. उजवं अंग गेलं, बोलणं जड झालं. पोरगी पांढुर्ण्याला दिलेली, ती येऊन राहिली, पण तिचं स्वतःचं घर, सासू, लेकरं. किती दिवस राहणार? ती गेल्यावर दिवसा शेजारची काकू पाहायची. रात्री कोणी नव्हतं. आणि हेड जॉबरला तर तिन्ही पाळ्या फिरत्या. आठवडाभर पहिली, मग दुसरी, मग तिसरी. शिवाय साचा बिघडला की घरून बोलावणं यायचं ते वेगळंच. एकदा तिसरी पाळी करून सकाळी घरी आलो तर बायको खाटेखाली पडलेली. पाणी घ्यायला वळली आणि घसरली. रडत नव्हती. मला पाहून म्हणाली, "आले काय?" बस एवढंच. मला वाटलं होतं ती मला शिव्या देईल. दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

रजा संपल्या होत्या. गिरणीत एकच काम असं होतं, की सकाळी जायचं आणि संध्याकाळी घरी. रोलर खोलीचं. साच्यावर सूत खेचणारे रबरी रोलर असतात, ते वापरून वापरून खरबरीत होतात. ते काढून मशीनवर घासून सारखे करायचे आणि परत द्यायचे. बसून करायचं काम. हाताखाली कोणी नाही, बोट दाखवायला कोणी नाही. तिथला माणूस गावी निघून गेला होता, जागा रिकामी होती. मी ठरवलं की तिथं जायचं. बायको बरी होईपर्यंत. बरी झाली की परत माझी पाळी.

ऑफिसात आमच्याकडचा एक बाबू होता, मूळचा पांढुर्ण्याचा, राहायला आमच्याच वस्तीत. अर्ज लिहायचा त्याचा हात चांगला. चहाच्या टपरीवर त्याला गाठलं आणि सांगितलं, असा असा अर्ज लिही. त्यानं आधी मलाच पढवलं.

"एक ध्यानात ठेव भाऊ," तो म्हणाला, "राजीनामा हा शब्द कोठीच येऊ द्यायचा नाही. तो आला का तुहा नोकरीचाच हिशोब करून टाकतीन. पद सोडतो, नोकरी नाही, आणि सेवा अखंड धरावी, हे पहिलेच लिहायचं."

पुढं त्यानं आणखी सांगितलं. रोलर खोलीचा पगार खालच्या दर्जाचा. आणि निघताना ग्रॅच्युइटी शेवटच्या पगारावर धरतात, म्हणजे खाली उतरून तिथंच रिटायर झालो तर सगळ्या वर्षांचं कमी भेटेल. मी म्हटलं, मी तिथं रिटायर कशाला होऊ? बायको बरी झाली की वर येतो. मग त्यानं मी सांगितलं तसं हिंदीत लिहिलं. पत्नी बरी होईपर्यंत हेड जॉबरच्या कामातून मोकळं करून दिवसपाळीत घ्यावं, त्यानंतर पूर्वीच्या पदावर घ्यावं. लिहून झाल्यावर तो कागदाकडं पाहत बसला आणि म्हणाला, ही परत घ्यायची ओळ मॅनेजमेंटला चालणार नाही. मी म्हटलं, तू राहू दे, चालवायचं मी पाहतो.

लेबर ऑफिसर भोपाळकडचा होता. माणूस वाईट नव्हता, हे आजही म्हणतो. खुर्ची दिली, बायकोची तब्येत विचारली. आमच्या खात्याचा वरचा साहेब, स्पिनिंग मास्तर, त्यानं माझी शिफारस केली होती तीही दाखवली. मग अर्जातल्या त्याच ओळीवर पेन ठेवलं. पाळी माणसाशिवाय चालत नाही, म्हणाला. तुमच्या जागी दुसऱ्याला हेड जॉबर करावं लागेल, त्याला तसं पत्र द्यावं लागेल, पगार द्यावा लागेल.

"कल जिसको बिठाऊँगा," तो म्हणाला, "उसको किस मुँह से उठाऊँगा? तुम ही बताओ."

मी सांगितलं की थोड्या दिवसांचा प्रश्न आहे. त्यानं विचारलं, किती? मी म्हटलं, दिवाळी. मग म्हटलं, फार तर संक्रांत. तो म्हणाला, डॉक्टरकडून लिहून आणा की अमुक महिन्यापर्यंत बरी होईल. तेवढा काळ मी कामचलाऊ माणूस बसवायची गोष्ट वर मांडतो. मला वाटलं, झालं काम.

पुढच्याच सुट्टीला बस धरून पांढुर्ण्याला गेलो. बायकोवर इलाज करणारा डॉक्टर तिथंच होता. दवाखाना भरलेला. माझा नंबर आला तेव्हा सगळी गोष्ट सांगितली आणि म्हटलं, संक्रांतीपर्यंत बरी होईल असं लिहून द्या. डॉक्टरनं कागद ओढला, लिहिलं, शिक्का मारला. बाहेर येऊन वाचलं. लकव्याची रुग्ण आहे, उपचार चालू आहेत. एवढंच. परत आत गेलो. लोक ओरडले, तरी गेलो.

"बरी होईल ते लिहा ना," मी म्हटलं.

"बाबा, मला जे माहीत आहे तेच लिहितो."

"मंग कोणाले माहीत आहे?"

डॉक्टरनं पुढच्या माणसाची नाडी धरली. मी तिथंच उभा राहिलो. साच्यांच्या ओळीत उभा राहून मी हाक दिली की माणूस पळत यायचा, आणि इथं एक ओळ कोणाकडून लिहून घेता येत नव्हती. तो डॉक्टर खोटं लिहीत नव्हता, यात त्याची चूक काय? पण मला त्याचा फार राग आला होता. पोरीकडं न जाताच परत बस धरली.

लेबर ऑफिसरनं डॉक्टरचा कागद वाचून फायलीत लावला. काही दिवसांनी बोलावलं आणि टाइप केलेला अर्ज पुढं ठेवला. माझ्याच नावाचा. घरगुती कारणानं, स्वेच्छेनं, कोणाच्या दबावाशिवाय हेड जॉबरचं पद सोडतो. खालच्या दर्जाचा पगार मान्य. पुढं या पदावर किंवा त्याच्या ज्येष्ठतेवर हक्क सांगणार नाही. सेवा अखंड धरावी. शेवटची ओळ बाबूनं मागून घेतली असावी. बरी होईपर्यंत हे शब्द कुठंच नव्हते.

मी म्हटलं, सही करत नाही.

तो म्हणाला, नका करू, जसं चाललं तसं चालू द्या. त्याचा आवाजही वाढला नाही. वाढला असता तर मला भांडता आलं असतं. मला पदाचं दुःख नव्हतं असं म्हणणार नाही, होतंच. पण खरं कारण ते नव्हतं. हक्क सांगणार नाही यावर सही करायची, म्हणजे बायको उठणार नाही हे मीच लिहून द्यायचं. मालकाच्या कागदावर, माझ्या हातानं. ते माझ्यानं होईना.

त्या आठवड्यात दुसरी पाळी होती. दुपारी निघायचो तेव्हा बायको दाराकडं पाहत राहायची. तिला मी गिरणीतलं काही सांगत नसे, पण बाबूच्या बायकोकडून तिला कळलं होतं. एक दिवस डबा भरताना तिनं हात हलवून जवळ बोलावलं. शब्द अर्धे तोंडातच राहायचे, मला आता कळायचे.

"सही केली तं रातीचे घरी राहसान न?"

"राहीन."

"मंग काहून नाही करत?"

मी डब्याचं झाकण लावलं. ती पुन्हा म्हणाली, "जागा वापस नाही देत काय?"

"देते ना," मी म्हटलं. "तू चालली का लगेच देते. लिहूनच दिलं त्याहीनं."

हे खोटं होतं, पण याला मी खोटं मानत नाही. दुसरं काय बोलायचं होतं, कोणी सांगावं. दुसऱ्या दिवशी जाऊन सही केली. ऑफिसरनं हात मिळवला. नोटीस बोर्डावर कागद लागला. माझ्या जागी ज्याला बसवलं त्याला धागा जोडायला मीच शिकवलं होतं. तो रोलर खोलीत आला, दारातच उभा राहिला आणि म्हणाला, भाऊ, सवडीनं द्या, घाई नाही. माझ्या पाळीत मी असं कोणाला बोललो नसतो. रोलर मला वेळेवर लागायचे. फाटकावर एक जुना बदलीवाला हसून बोलला, "काहून भौ, उतरवलं काय साहेबानं?" मी म्हटलं, मी उतरलो. तो म्हणाला, हो, हो, तसंच. विहारात जागा अजून देत होते, पण मी मागंच बसू लागलो.

रात्री घरी होतो. तिला कूस बदलून द्यायची, पाणी द्यायचं, अंगाला तेल लावायचं. ते काम मी चांगलं शिकलो. पण तिनं दुसरंच मनावर घेतलं. तू चालली का जागा परत, हे मी बोलून बसलो होतो. मी गिरणीत गेलो की ती काकूचा खांदा धरून उभी राहायची. घसरायची, परत उभी राहायची. काकू मला सांगायची, अशी जिद्द पाहिली नाही. मी म्हणायचो, राहू द्या, उगाच पडन. तिला वाटायचं मी माया करून बोलून राहिलो.

पुढच्या उन्हाळ्यात एका सकाळी मी डबा घेऊन निघालो तर ती भिंत धरून दारापर्यंत आली. उजवा पाय ओढत, पण आपल्या पायांनी. घामानं भिजली होती. हसली. तोंड एका बाजूला जायचं, तरी हसलीच.

"सांगा आता साहेबाले," ती म्हणाली. "चालली म्हणा."

मी सायकलवर बसलो. बोरगावपर्यंत रस्ता कसा गेला ते आठवत नाही. गिरणीत पोचलो. लेबर ऑफिसरच्या खोलीसमोरून गेलो. दार उघडं होतं, तो कोणाशी तरी बोलत होता. मी थांबलो नाही. रोलर खोलीत जाऊन मशीन चालू केली.

संध्याकाळी घरी आलो तेव्हा ती खाटेवर उठून बसली होती, केस विंचरून.

"काय म्हणे साहेब?"

"पाहू म्हणे," मी म्हटलं.

ती मान हलवत राहिली. मग म्हणाली, उद्या बिनभिंतीची चालून दाखवतो.