जाईबाईंनी वर केलेला हात

१९ फेब्रुवारी, गुरुवार. सकाळी नळाला दाब कमी. डोळ्यांचे थेंब संपले, नवे आणले. जाईबाईंचा गुडघा अजून सुजलेलाच. संध्याकाळी ग्रुपवर योगिनीचे धवले. अ‍ॅडमिन मी.

एवढं लिहून वैजयंतीबाईंनी डायरी मिटली आणि फोन उशीला टेकवून उभा केला.

जाईबाई म्हणजे नावडे गावच्या धवलारीण. लग्नाच्या हळदीला धवले गायचे, गावदेवीला आणि घरातल्या गेलेल्या माणसांना नावानिशी मांडवात बोलवायचं, हे त्यांचं काम. एरवी त्या भाजी विकत. वैजयंतीबाईंच्या दारात पाटी टेकवून "मॅडम, वांगी कवळी हायेत, बघा तरी" म्हणायच्या आणि त्याच तोंडाने संध्याकाळी देव बोलवायच्या. त्यांनी सूर धरला की डीजेवालासुद्धा मुकाट्याने बटण फिरवी.

आता गुडघ्याने मांडी घालू देईना. शिकाऊ एकच, योगिनी. ती लग्न होऊन पावणे गावात गेलेली, तिथेच पॅकिंगच्या कामाला. म्हणून वैजयंतीबाईंनी टेलिग्रामवर बायकांचा ग्रुप केला आणि त्यात व्हॉइस चॅट सुरू केलं. पहिल्या दिवशी सगळ्यांचे माइक चालू. कुणाचा कुकर शिट्टी देतोय, कुणाची सासू हाका मारतेय, आणि प्रत्येकीचा आवाज जरासा उशिरा पोचत असल्यामुळे एका धवल्याची खिचडी झालेली. तेव्हापासून बाईंनी सेटिंग बदललं. नवीन येणारी म्यूट होऊनच आत येई. बोलायचं असेल तर तिने माइकला बोट लावायचं, की तिच्या नावाशेजारी वर केलेला हात दिसे. मग बाई परवानगी देत.

"परवानगी दिली म्हणजे माइक चालू होत नाही हं," त्या प्रत्येकीला बजावत. "तो आपला आपणच उघडायचा. मला तुमचं तोंड बंद करता येतं, उघडता येत नाही."

जाईबाईंना त्या सगळ्यांच्या आधी परवानगी देऊन ठेवत, आणि जाईबाई दुसऱ्याच ओळीला योगिनीला अडवत. "थांब. परत म्हन." असं करत योगिनी एकदाही शेवटापर्यंत पोचली नव्हती. रविवारी ग्रुपमधल्याच नमिताच्या मुलीचं लग्न. जाईबाईंनी साफ सांगितलं होतं, "आज समदा धवला पार केलास तर रविवारी तू. नायतर तळोज्याच्या बाईला सांगावा धाडते." एकदा तळोज्याची बाई आली की पुढची लग्नंही तिचीच, हे योगिनीला ठाऊक होतं.

साडेसहाला बायका आल्या, सगळ्या म्यूट; बाईंनी तेवढी योगिनीला परवानगी दिली. जाईबाईंचा पत्ता नाही.

"काकू, आजी कुठंय?" योगिनीचा आवाज कापरा होता.

"शेकत बसल्या असतील. येतील. तू सुरू कर."

योगिनीने सुरू केलं. पहिलं कडवं होतंय तोच यादीत जाईबाईंचं नाव उगवलं, म्यूट केलेलं. लगेच शेजारी हात. हात गेला, पुन्हा आला. जाईबाई माइकवर बोट आपटत असणार.

वैजयंतीबाईंनी नावाला बोट लावलं. "बोलायला परवानगी द्या" अशी ओळ समोर आली. तिकडे योगिनी गेलेल्या माणसांच्या नावांपर्यंत पोचली होती, आवाजातला कंप गेला होता. रीतीने आधी आजोबा, पण तिने नवरीच्या आजीला आजोबांच्या आधी हाक मारली. हात पुन्हा वर.

बाईंनी बोट मागे घेतलं. वर आलेला हात असा डावललेला त्यांच्या जुन्या कॉन्व्हेंट शाळेतल्या मदर सुपीरियरने पाहिला असता तर ती नक्की ओरडली असती.

धवला संपला. मग त्यांनी परवानगी दिली. शांतता. आणखी शांतता.

"जाईबाई, माइक तुम्हीच उघडायचाय."

खरखर झाली. "मॅडम, मी कवाची वरडतेय, या पोरीला काय आयकायलाच जात नाय. तुमी मना मुकी केली का?"

"केली."

"का?"

"तिला शेवट कसा येतो ते मला ऐकायचं होतं. तुम्ही कधी ऐकला होता?"

माइक चालू होता, पंख्याची घरघर येत होती.

"आजीला पयले बोलावलीस," जाईबाई शेवटी म्हणाल्या.

"चुकले, आजी."

"चुकलीस कुठं? म्हातारा सवता कवा उठायचा? म्हातारीनं हाक मारली का मगच." लगेच पुढे, "नमिता, तळोज्याला सांगावा नको. रविवारी ही येल. मी खुर्चीवर बसेन, मागं."

नमिताचा हात वर आला. वैजयंतीबाईंनी परवानगी दिली, आणि आनंदाच्या भरात ती माइक उघडायला विसरली.

"आनी मॅडम," जाईबाई म्हणाल्या, "रविवारी मांडवात मना मुकी करायला तुमच्याकडं बटन नाय."

"म्हणून तर तुमच्या शेजारची खुर्ची मी धरणार आहे."

चॅट बंद करून त्यांनी डायरी पुन्हा उघडली. योगिनीचं ठरल्याचं लिहिलं. खाली लिहिलं: रात्री मुगाची खिचडी, तूप संपलं.