अक्काचा काढलेला व्हिडिओ

त्या दिवशी घरात आम्ही तिघीच होतो. मी, माझी सून, आन नांदेडहून आलेली माझी लेक. माझी थोरली जाऊ तिथं नव्हती. तिला आम्ही समदे अक्का म्हनतो. ती तिकडं जळकोटला लेकाच्या घरी बाजंवर पडून होती. ती नव्हती म्हनून पुढचं घडलं.

आमचं गोधडीचं चॅनल हाय. मी शिवते, सून मोबाईल धरते. सात वर्षं झाली. सुरवातीला आम्हाला काय कळत होतं? जे दिसंल ते सून टाकायची. गोधडी टाकली, कारळाची चटनी टाकली, शेजारच्या म्हशीला रेडकू झालं ते टाकलं. एकदा इस्लापूरला पाव्हन्याकडं गेलो होतो, तिथला धबधबा टाकला. दीडशेच्या वर व्हिडिओ झाले.

मग लातूरच्या एका प्रदर्शनवाल्या बाईनं सांगितलं, तुमच्या गोधड्या ठेवू, पण आधी चॅनल बघते. लेकीनं ते ऐकलं आन रविवारी लॅपटॉप घिऊनच अहमदपूरला आली.

"माय, ही दुकान उघडून बसली तू, आन दारात म्हैस बांधली," लेक म्हनली.

सून म्हनली, "ताई, म्हशीच्या व्हिडिओला गोधडीपेक्षा जास्त लोक आलेत."

"आले, आन म्हैस बघून गेले. गोधडी कुनी बघितली?"

तिनं वहीत तीन रकाने केले. ठेवायचे, झाकायचे, काढायचे. मला दुसरीपर्यंतचीच शाळा, पन तेवढं वाचता येतं. झाकायचे म्हंजे व्हिडिओ राहतो पन फक्त आपल्यालाच दिसतो, कवाबी परत उघडता येतो. काढायचे म्हंजे गेला. तिनं हे मला आधीच नीट सांगितलं होतं. पुढं मी "मला ठाऊक नव्हतं" असं म्हनू शकत न्हाई.

लेकीची नजर चांगली हाय. नुसता बघनाऱ्यांचा आकडा बघत नव्हती. एका व्हिडिओत मी जाड सुईत दोरा कसा ओवायचा ते दाखवलंय, डोळे अधू असनाऱ्यांसाठी. बघनारे थोडे. सून म्हनली काढा. लेक म्हनली, "न्हाई वैनी, जे आले ते शेवटपर्यंत बसलेत, आन खाली सवाल इचारलेत. हा ठेवायचा. वरचं चित्र तेवढं बदलू." धबधब्याला बघनारे लई होते, तो झाकला. सनावाराच्या शुभेच्छा झाकल्या. हललेले, आवाज न्हाई आलेले काढले. चटनीचा झाकताना सूनबाईचं तोंड उतरलं, तिची चटनी होती ती.

मग अक्काचे व्हिडिओ आले.

सुरवातीचे बारा-तेरा व्हिडिओ आम्ही दोघींनी मिळून केले होते. अक्का तवा आमच्याकडंच राहायची. तोंड लई. टाका घालता घालता सगळ्या गावाची बातमी सांगायची. नंतर तिला लकवा मारला. उजवा हात गेला, जीभ गेली. तिच्या लेकानं जळकोटला नेलं.

लेक म्हनली, "माय, मोठ्या मायचे झाकू या. बोलनं जास्त, गोधडी कमी. आन चॅनलवर एकच चेहरा दिसला म्हंजे लोक वळखतेत."

मी "हाव" म्हनले.

त्यातला एक व्हिडिओ होता वसरीवरचा. ऊन समोरून आलेलं, अक्काचं अर्धं तोंड उन्हात गेलेलं, रस्त्यावर भंगारवाल्याचा भोंगा. लेकीनं तो लावला. अक्का म्हनत होती, "ही लगीन होऊन आली तवा हिला सुई धरता येत नव्हती. हिच्या मायनं जिंदगीत गोधडी शिवली न्हाई, शेतात राबली बिचारी. हिला मी शिकिवलं. पहिल्या गोधडीला असले टाके घातले, आमचे मालक रातच्याला पाय अडकून पडले!" आन हसली. हसता हसता मागं भिंतीला टेकली. मी व्हिडिओत म्हनत होते, "बस की आता अक्का."

लेकीनं तो थांबवला. माझ्याकडं बघितलं.

कारन चॅनलच्या माहितीत लिव्हलेलं होतं, आजीनं आपल्या आईकडून घेतलेली कला. सुनेनं कुठंतरी तसं वाचलं होतं, छान वाटलं, लिव्हलं. मला वाचून दाखवलं होतं. मी गप बसले होते. लोकं खाली लिहायचे, आजी तुमच्या आईला नमस्कार. मला ते गोड लागायचं.

"हा झाकते," लेक म्हनली.

मी म्हनले, "झाकू नको. काढूनच टाक."

"कशाला? झाकला तरी कुनाला दिसत न्हाई."

"चुकून उघडला तर? लातूरची बाई म्हनंल, म्हातारी खोटं बोलती."

लेक म्हनली, "माय, एक बघ. ह्याला रोज दुपारी तीन-चारदा कुनीतरी बघतंय. बाकीच्या जुन्यांना कुनी कुत्रं इचारत न्हाई."

"कोन बघतंय?"

"आकडा दिसतो, नाव दिसत न्हाई."

काढताना पडद्यावर एक पाटी येते. तिनं ती मोठ्यानं वाचली. हा व्हिडिओ कायमचा जाईल, परत येनार न्हाई, कळलं असंल तर चौकटीत खूण करा. पाहिजे तर आधी उतरवून घ्या. तिनं इचारलं, "उतरवून ठेवू का?"

मी म्हनले, "कशाला जागा अडवायची."

तिनं खूण केली. गेला.

तिसऱ्या दिवशी जळकोटहून अक्काच्या सुनेचा फोन आला. "काकू, चॅनल बंद पडलं का?"

"न्हाई की. का गं?"

"आत्याचे व्हिडिओ लागून नाही राहिले. एक तर पार गेला म्हनतंय. दोन दिस झाले, पेज पाजते तर तोंड फिरवतेत. आमच्याकडं कुनीबी आलं, पाहुनी येवो, दवाखान्यातली सिस्टर येवो, आत्या डाव्या हातानं मोबाईल पुढं करायच्या. तोच लावायच्या. ते मी शिकिवलं असं म्हनतेत न्हाई का, तिथं आला की छातीवर बोट ठेवायच्या."

मी फोन ठेवला. सून इचारत होती काय झालं.

माझे मालक गेले तवा लेक चार वर्षांची होती, पोरगं अंगावर पीत होतं. माहेरी खायला न्हाई, सासरी कुनी इचारना. अक्कानं मला तिच्या खोलीत घेतलं. सकाळी आम्ही दोघी रस्त्याच्या कामावर खडी फोडायला जायचो, दुपारी आल्यावर लोकांच्या गोधड्या. बोटाला सुई टोचली की अक्का वराडायची, "रगत तुझ्या पदराला पूस, लोकाची साडी हाय." वाकडा टाका दिसला की सगळी ओळ उसवायला लावायची. मी रडायचे, ती उसवायची. दोन्ही लेकरं त्या टाक्यावर वाढली. माझ्या मायची माया मला हाय, पन सुई अक्काची.

लेकीला नांदेडला फोन केला. ती तवाच कामाला लागली. अक्काचे जे झाकले होते ते सगळे तिनं असे उघडले, की चॅनलवर दिसायचे न्हाईत पन ज्याच्याकडं त्याची लिंक हाय त्याला लागतील, आन लिंका जळकोटला धाडल्या. वसरीवरचा मात्र गेलाच. ज्या मोबाईलवर काढला होता तो कवाच मोडीत दिला. कंपनीला लिहिलं, काढलेला परत मिळत न्हाई म्हनले. लेक फोनवर रडली. म्हनली, "माय, मीच उतरवून ठेवायला पाहिजे होता." मी म्हनले, तू इचारलं होतं, मीच न्हाई म्हनले.

शुक्रवारी मी आन सून एसटीनं जळकोटला गेलो. अक्का भिंतीकडं तोंड करून निजली होती. मी बाजंजवळ बसले.

"अक्का, तो व्हिडिओ मी काढला. पोरीनं न्हाई, मी. लोकांनी तुझं ऐकू नये म्हनून."

ती हलली न्हाई. मला वाटलं ऐकलं न्हाई. मग डाव्या हातानं तिनं माझा हात झटकला. एवढा जोर त्या हातात असंल असं वाटलं नव्हतं.

मी तिथंच बसून राहिले. पिशवीतली अर्धी गोधडी काढली, शिवाय लागले. सुनेला म्हनले, "मोबाईल काढ." आन मोबाईलकडं बघून बोलले, "ही माझी थोरली जाऊ. गोधडी मला हिनं शिकिवली. माझ्या मायला येत नव्हती. आजपातूर मी तुम्हाला खोटं सांगितलं."

अक्का वळली. माझ्या तोंडाकडं बघतच न्हाई, गोधडीकडं बघती. डावा हात लांब केला, माझा ताजा टाका नखात धरला आन वढून काढला. लांब पडला होता.

अक्काची सून हसली. "काकू, नापास!"

"व्हय गं बाई," मी म्हनले आन परत घातला. तोबी तिनं वढला. तिसरा राहू दिला. त्या सांजंला पेज प्याली.

तो व्हिडिओ आता आमच्या चॅनलवर सगळ्यात वर हाय. मोबाईल हललेला, उजेड कमी, लेकीच्या वहीप्रमानं तो काढायच्या रकान्यात गेला असता. तिनंच वर लावला, माहितीबी बदलली. लातूरच्या बाईनं जागा दिली. चॅनल आता साफ दिसतं, हे खरं हाय, लेकीची मेहनत वाया गेली न्हाई.

पन नव्या व्हिडिओत अक्काला बोलता येत न्हाई. पाहुनी आली की ती नवा लावती, बघती, आन मग बोट फिरवून फिरवून जुना हुडकती.

सुनेला आठवतंय, जुन्या व्हिडिओखाली देगलूरकडच्या एका बाईनं लिव्हलं होतं, काठ कसा दुमडायचा ते बघायला मी हा उतरवून ठेवलाय. व्हिडिओ गेला तसं त्याच्याखालचं लिव्हलेलंबी गेलं. त्या बाईचं नाव आम्हाला ठाऊक न्हाई.

म्हनून हे सांगून लिव्हून घेतलंय. वसरीवर बसलेल्या दोन बाया, एकीचं अर्धं तोंड उन्हात, मागं भंगारवाल्याचा भोंगा, असा व्हिडिओ तुमच्या मोबाईलमध्ये कुठं पडला असंल तर बघा. घरातल्या जुन्या मोबाईलमध्येबी बघा. सापडला तर पुसू नका, आमच्या चॅनलवर व्हिडिओखाली तेवढं लिहा. आम्ही येऊन घिऊन जाऊ.